‘देहासी विटाळ’ : पहिल्याच कडव्यावर थांबणारे प्रश्न

संत चोखामेळा यांच्या पत्नी सोयराबाई यांचे नाव निघाले की बहुतेकांना ‘अवघा रंग एक झाला’ आठवतो, आणि तोही किशोरी आमोणकरांच्या आवाजात. त्यांचा दुसरा एक अभंग गायकांनी फारसा उचलला नाही, पण मराठीच्या वर्गात तो वारंवार येतो. बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या माझ्या वर्गात त्यावर झालेल्या चर्चेची ही नोंद आहे. अभंग असा :

देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥
विटाळावांचोनी उत्पत्तीचें स्थान । कोण देह निर्माण नाहीं जगीं ॥
म्हणुनी पांडुरंगा वानितसें थोरी । विटाळ देहांतरीं वसतसे ॥
देहाचा विटाळ देहींच निर्धारी । म्हणतसे महारी चोखियाची ॥

या अभंगावर वर्षानुवर्षे तीनच प्रश्न विचारले जात होते. सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेवर कशी टीका केली आहे? तत्कालीन सामाजिक परिस्थिती स्पष्ट करा. अभंगाचे आजच्या काळातील महत्त्व सांगा. वरवर पाहता आशय, इतिहास आणि वर्तमान तिन्ही आले. उत्तरेही ठरलेली : आत्मा शुद्ध आहे, सर्वांचा आत्मा एकच आहे, म्हणून भेदभाव करू नये, त्या काळी जातिभेद होता, आजही हा संदेश मोलाचा आहे.

प्रश्नात काय बिघडले आहे हे तपासायचा एक सोपा उपाय आहे. अभंगाचे पहिले कडवे उघडे ठेवायचे, उरलेली चार झाकायची आणि उत्तर लिहायला बसायचे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तशीही पूर्ण गुणांची लिहिता येतात. म्हणजे अभंगाचा पाचवा हिस्सा वाचून काम भागते. त्यातही हा हिस्सा अभंगातला सगळ्यात कमी धारदार आहे.

आत्मा निर्मळ, शुद्ध, बुद्ध आहे, हे विटाळ मानणारा माणूसही मान्य करतो. त्याच्या शास्त्रातच ते लिहिलेले असते. तो म्हणेल, आत्मा शुद्ध आहे हे बरोबर, पण देह अशुद्ध आहे, म्हणून देहाने लांब उभे राहा. आत्म्याच्या शुद्धतेवर एकमत होऊनही विहिरीवरचा, देवळाच्या पायरीवरचा व्यवहार जसाच्या तसा चालू शकतो, आणि शतकानुशतके चाललाही. पहिल्या कडव्यावर थांबणारा वाचक सोयराबाईंच्या बाजूने बोलतो आहे असे त्याला वाटते, पण प्रतिपक्षाचे त्याने काहीच बिघडवलेले नसते. खरा वाद दुसऱ्या कडव्यापासून सुरू होतो, आणि तो आत्म्याकडे न जाता देहाकडेच परत येतो.

म्हणून या वेळी पहिला प्रश्न असा ठेवला : ‘पहिल्या कडव्यातले कोणते विधान विटाळ मानणाऱ्यालाही पटेल?’ वर्ग जरा गोंधळला. संतांच्या अभंगातले एखादे वाक्य विरुद्ध पक्षालाही मान्य होईल, असा विचार करायची सवय नसते. मग एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ‘आत्मा तो निर्मळ’ हे तर कीर्तनात सगळेच म्हणतात.” तेवढे पुरे होते. पुढचा प्रश्न आपोआप आला : मग कवयित्री एवढ्यावर का थांबत नाही?

इथे अर्थाचे काम मोठ्याने वाचूनच करावे लागते. अभंगाच्या प्रत्येक कडव्यात तीन लांब चरण असतात आणि शेवटचा आखूड. तो आखूड चरण वाचताना आवाज आपोआप थांबतो. पाचही कडव्यांचे फक्त शेवटचे चरण ओळीने वाचायला सांगितले : शुद्ध बुद्ध, कवण धर्म, नाहीं जगीं, वसतसे, चोखियाची. पहिले विधान आहे, दुसरा प्रश्न आहे, तिसरा नकार. स्वर कुठे वळतो हे समजावून सांगायची गरज उरली नाही.

‘देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म’ याचे दोन अन्वय लागतात. विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा झाला तो कोण, आणि हा कुठला धर्म? किंवा, कोणत्या धर्माने तो सोवळा ठरला? दोन्ही चालतात. एकच बरोबर म्हणून फळ्यावर लिहू नये, कारण दोन्हींतून प्रश्न एकाच ठिकाणी जातो : सोवळेपणाचा दाखला देणारा अधिकार कुठून आला?

तिसरे कडवे अभंगाचा कणा आहे. विटाळावाचून उत्पत्तीचे स्थान नाही, त्याशिवाय निर्माण झालेला एकही देह जगात नाही. ‘उत्पत्तीचे स्थान’ म्हणजे काय, असे विचारले तेव्हा वर्गात शांतता झाली. पुढच्या बाकावरची मुले पुस्तकात बघू लागली. शेवटी एक मुलगी म्हणाली, “आईचं पोट.” दुसरी म्हणाली, “म्हणजे पाळी, आणि बाळंतपणसुद्धा.” मग सुवेराचा विषय निघाला, सुतकाचा निघाला. घरात मूल जन्मले की विटाळ, माणूस गेला की विटाळ, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. चोखोबांच्या एका अभंगात ‘जन्मतां विटाळ मरतां विटाळ, चोखा म्हणे विटाळ आदि अंतीं’ असे आहे. तो शेजारी ठेवला की नवरा-बायको एकच मुद्दा दोन बाजूंनी मांडताना दिसतात. चोखोबा वेद, शास्त्र, ब्रह्मा, विष्णू अशी यादी करत विटाळ सगळीकडे पसरवतात. सोयराबाई यादी करत नाहीत. त्या एकाच जागेवर बोट ठेवतात, आणि ती जागा बाईच्या देहात आहे.

युक्तिवाद एवढाच आहे. विटाळ ज्याला म्हणता त्यातूनच प्रत्येक देह आला, सोवळे नेसून बसलेल्याचाही. मग एक तर सगळे विटाळलेले आहेत किंवा कुणीच नाही. आत्म्याच्या शुद्धतेला मान डोलावणारा माणूस इथे अडकतो, कारण आता गोष्ट त्याच्या जन्माची आहे.

प्रश्न कसा विचारू नये याबद्दल इथे थोडे सांगायला हवे. ‘तुमच्या घरी पाळीत काय पाळतात?’ हा प्रश्न या टप्प्यावर अगदी जिभेवर येतो, आणि तो वर्गात विचारू नये. मुलींना मुलांसमोर घरचे सांगावे लागते, न सांगणारीचे मौनही वाचले जाते. ‘तुमच्या गावात अमुक जातीला पाणी देतात का?’ या प्रश्नाचेही तेच. विद्यार्थ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे न करता प्रश्न ओळीलाच विचारावा : ‘या कडव्यात कोणकोणते विटाळ येतात? त्यातला एकच अभिप्रेत आहे असे म्हणायला ओळीत काही आधार आहे का?’ आधार नाही. जातीचा, जन्माचा, पाळीचा असे वेगवेगळे विटाळ त्या मांडत नाहीत, एकच शब्द वापरतात आणि तो मोकळा सोडतात. ज्याला घरचे सांगायचे असते तो या प्रश्नातून आपणहून सांगतो. तशा दोघींनी सांगितलेही, पण ते त्यांच्या मनाने.

चौथ्या कडव्यात ‘म्हणुनी’ आहे. ‘म्हणुनी पांडुरंगा वानितसें थोरी, विटाळ देहांतरीं वसतसे.’ म्हणून तुझी थोरवी गाते, कारण विटाळ देहाच्या आत वसतो. हे ‘म्हणून’ कसे जुळते, यावर वर्ग सगळ्यात जास्त वेळ रेंगाळला. एका गटाचे म्हणणे, अशा देहातही देव राहतो म्हणून त्याची थोरवी. दुसऱ्याचे, विटाळ देहातच घालणारा निर्माता तूच, मग दोष कुणाचा? हा दुसरा अर्थ जरा उपरोधिक आहे. मला पहिला जास्त जवळचा वाटतो, कारण अभंगाचा सूर देवावर आरोप करण्याचा नाही. पण दुसरा चूक आहे असे ओळीच्या आधाराने सिद्ध करता येत नाही.

आरोपाचा सूर कसा असतो हे दाखवायला त्यांच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा अभंग हाताशी आहे : ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती. जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता.’ एकाच घरातले हे दोन आवाज आहेत. मुलगा देवाला ‘लाज नाही का’ म्हणतो, आई देवाची थोरवी गाते आणि माणसांचा युक्तिवाद मोडते. यातला जास्त बंडखोर कोण, असा प्रश्न विचारायचा मोह होतो. तो टाळावा. स्पर्धा लावली की मुले अभंग सोडून बाजू घेतात. त्याऐवजी ‘दोघांचा श्रोता कोण आहे?’ असे विचारावे. कर्ममेळा देवाशी बोलतो. सोयराबाईंच्या अभंगात पांडुरंगाला हाक आहे खरी, पण ‘म्हणती सकळ’ यातले ‘सकळ’ पहिल्यापासून समोर बसलेले आहेत.

पाचव्या कडव्याला एक मुलगी वाचता वाचता थांबली. ‘म्हणतसे’ म्हटले आणि पुढचा शब्द उच्चारावा की नाही हे तिला कळेना. तिने माझ्याकडे पाहिले. शब्द होता ‘महारी’. कुणाला कमी लेखण्यासाठी जातीवाचक शब्द वापरणे हा गुन्हा आहे हे मुलांना माहीत असते, आणि ते माहीत असणे चांगलेच आहे. मी एवढेच सांगितले की इथे हा शब्द कुणी दुसऱ्याला उद्देशून वापरलेला नाही, कवयित्रीने स्वतःच्या सहीसाठी वापरला आहे, आणि सही खोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिने ओळ पूर्ण वाचली.

त्या थांबण्यातूनच पुढचा प्रश्न मिळाला. तोपर्यंत तो माझ्या कागदावर नव्हता : ‘विटाळावर बोलताना कवयित्री नेमकी हीच ओळख शेवटी का लावते?’ अभंगाच्या शेवटी कवीने नाव घालण्याची रीत आहे, पण इथे स्वतःचे नाव नाही. जात आहे आणि नवऱ्याचे नाव आहे. ‘नवऱ्याच्या नावाने ओळख म्हणजे बाईला स्वतंत्र स्थान नाही,’ असे एकीने म्हटले. त्यात तथ्य आहे. पण दुसरीने लगेच विचारले, “मग जात का लपवली नाही?” चार कडवी युक्तिवाद करून पाचव्यात बोलणारी सांगते की हे कोण बोलते आहे ते ऐकून घ्या. जिचा विटाळ मानला जातो तीच तो मोडते आहे. आधी सही आणि मग युक्तिवाद असा क्रम असता तर ‘सकळ’ यांनी पहिल्याच ओळीला कान मिटले असते. हा माझा तर्क आहे, पण चर्चेला टिकला.

इतिहासाचा भाग ‘तत्कालीन परिस्थिती स्पष्ट करा’ या वाक्याने बहुतेक वेळा कोरडा पडतो. परिस्थिती म्हणजे काय, तर यादवांचे राज्य, वर्णव्यवस्था, वारकरी संप्रदाय, आणि उत्तर संपले. आम्ही प्रश्न अरुंद केला : ‘विटाळ मानला जात होता म्हणजे प्रत्यक्ष काय घडत होते, हे सांगणारा त्याच काळाच्या परंपरेतला पुरावा शोधा.’ पुरावा चोखोबांच्याच अभंगात आहे. ‘धाव घाली विठू आता’ या अभंगात बडवे मारतात, विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला असे विचारतात, शिव्या देऊन ‘देव बाटविला’ म्हणतात. म्हणजे विटाळ ही नुसती समजूत नव्हती, त्यामागे मार होता. चोखोबांना पंढरपुरात देवळाच्या आत प्रवेश नव्हता, त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते दगावले, ते साल 1338 मानले जाते. ज्या गावकुसाबाहेर राहायचे, तेच कूस बांधताना गेले, हे मुलांच्या आपणहून लक्षात येते. शिक्षकाने त्यावर भाष्य करू नये.

दुसरी गोष्ट अशी की सोयराबाई पोकळीत बोलत नव्हत्या. त्याच्या थोडे आधी, तेराव्या शतकात, महानुभाव पंथाचे चक्रधर पाळीचा विटाळ मानत नव्हते. मराठी मुलखात हा वाद आधीच चालू होता. त्यामुळे ‘काळाच्या पुढची स्त्री’ हे ठरीव वाक्य उत्तरात आले की मी त्याखाली रेघ मारते. ते कौतुक वाटते, पण त्या वाक्याने तिला तिच्या काळातून उचलून बाहेर ठेवले जाते आणि मग त्या काळात कोण काय म्हणत होते हे पाहायची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट पुराव्याच्या मर्यादेची. हे अभंग बराच काळ तोंडी आणि वह्यांमधून फिरले, छापील गाथा फार नंतरच्या. एखादा अभंग सोयराबाईंचा ठरतो तो मुख्यतः त्यातल्या सहीवरून. गाथांमध्ये पाठभेदही सापडतात. म्हणून एखाद्या प्रत्ययावर मोठा अर्थ उभारू नये. तिसऱ्या कडव्यातला युक्तिवाद मात्र एका अक्षरावर उभा नाही, म्हणून तो भक्कम.

वर्तमानाचा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवला, आणि त्यात ‘महत्त्व सांगा’ नव्हते. दोन प्रसंग समोर ठेवले. पहिला महाडचा. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सवर्णांनी गोमूत्र-शेण वापरून त्याचे शुद्धीकरण केले. प्रश्न असा : ‘दुसऱ्या कडव्यातला “कवण धर्म” इथे कसा लागू पडतो?’ माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि जनावराच्या मलमूत्राने शुद्ध होते, हे मुलांनी स्वतः मांडले. वर्ग हसलाही, जरा कडवट.

दुसरा प्रसंग संविधानाचा. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, पण त्यात ‘अस्पृश्यता’ या शब्दाची व्याख्या दिलेली नाही. 2018 च्या सप्टेंबरमध्ये शबरीमला मंदिराच्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी स्वतंत्र निकालपत्रात म्हटले की पाळीच्या कारणाने स्त्रियांना वगळणे हाही अस्पृश्यतेचाच प्रकार आहे. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते कलम 17 जातीच्या अस्पृश्यतेपुरते आहे. हे प्रकरण पुढे मोठ्या पीठाकडे गेले. चर्चेचा प्रश्न : ‘व्याख्या नसल्यामुळे कलम जसे दोन बाजूंनी वाचले गेले, तसे सोयराबाईंचा “विटाळ” हा मोकळा शब्द दोन बाजूंनी वाचता येईल का?’ एका मुलाने मल्होत्रा यांची बाजू चांगली लढवली : जातीच्या अस्पृश्यतेचा इतिहास वेगळा आहे, सगळे एकत्र केले तर तो पातळ होतो. उत्तर देताना मुलींनी पुन्हा तिसरे कडवे काढले. अभंग हातात घेऊन आजचा वाद लढला गेला, एवढेच मला हवे होते. कोण जिंकले हे मी ठरवले नाही.

एक आक्षेप मात्र अनुत्तरित राहिला आणि तो प्रश्नसंचात तसाच ठेवला आहे. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “मॅडम, हे सगळं पटलं. पण अभंग ऐकून कुणी पाणी दिलं का?” महाडच्या तळ्याचा हक्क उच्च न्यायालयातून शेवटी 1937 साली मिळाला, युक्तिवाद आणि कायदा दोन्ही लागले. सोयराबाईंचा अभंग विटाळाचे तर्कशास्त्र मोडतो, पण राबवून घेणे, गावकुसाबाहेर ठेवणे, पाणी अडवणे हे फक्त तर्कावर टिकलेले नव्हते. हा अभंगाचा दोष म्हणायचा की मर्यादा, की अपेक्षाच चुकीची? मी याला तयार उत्तर दिले नाही. चोखोबांच्या परंपरेकडे आंबेडकरी चळवळीतले अनेक जण जरा हात राखून पाहतात त्यामागे हाच प्रश्न आहे. पण डॉ. आंबेडकरांनी 1948 चा अस्पृश्यांच्या उगमावरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हेही मुलांना माहीत असावे. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

परीक्षेसाठी यातून एकच दहा गुणांचा प्रश्न घेतला : ‘पहिल्या कडव्यातील विचार विटाळ मानणाऱ्यालाही मान्य होऊ शकतो, तिसऱ्या कडव्यातील का होऊ शकत नाही? पाचव्या कडव्यातील सहीने त्या युक्तिवादात काय भर पडते?’ तपासणाऱ्यांसाठी खाली एवढेच लिहिले : ‘सर्वांचा आत्मा एक’ या वाक्याला स्वतंत्र गुण देऊ नयेत, ‘उत्पत्तीचे स्थान’ याचा अर्थ सांगितल्याशिवाय पाचापेक्षा जास्त गुण देऊ नयेत, आणि ‘महारी’ हा शब्द गाळून ओळ उद्धृत केली असेल तर गुण न कापता समासात पूर्ण ओळ लिहून द्यावी.